दहावा भाग न पाहिलेल्या भावाला लिहिलेलं पत्र

आधी एक सूचना. ‘डार्क’ या जर्मन मालिकेच्या पहिल्या सीझनचा शेवट या लेखात पूर्ण सांगितला आहे. पत्रात काय लपवलं हे दाखवायचं तर लपवलेली गोष्ट सांगावीच लागते. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. माणसांची नावं बदलली आहेत, पत्रातली वाक्यं मात्र जशीच्या तशी आहेत.

पार्श्वभूमी

ओंकार माझा मामेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनियर आहे. 2020 च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला होता, पण बदली माणसं जहाजावर पोहोचू शकत नव्हती, त्यामुळे तो समुद्रातच अडकला. घरून निघताना त्याने ‘डार्क’चा पहिला सीझन फोनवर उतरवून घेतला होता. दहा भागांपैकी नऊ नीट उतरले, दहावा अर्धवट राहिला. नऊ भाग त्याने इंग्रजी सबटायटल्स वाचत दोनदा पाहिले. जहाजावरून व्हिडिओ पाहण्याइतकं इंटरनेट मिळत नव्हतं. फक्त मजकुराचा ईमेल जायचा, तोही आठवड्यातून एक-दोनदा.

मालिका 2017 च्या डिसेंबरात आली. विंडेन नावाचं एक गाव, त्याच्याजवळ अणुऊर्जा प्रकल्प आणि जंगलातल्या गुहा. गुहेतल्या वाटेने माणसं 33 वर्षं मागे किंवा पुढे जातात. नऊ भागांपर्यंत तीन काळ दिसतात: 1953, 1986 आणि 2019. चार घराणी आहेत आणि प्रत्येक माणूस दोन-तीन वयांत दिसतो. पाचव्या भागात कळतं की 2019 मध्ये हरवलेला मिकेल 1986 मध्ये पोहोचला, तिथेच मोठा झाला आणि पुढे जोनासचा बाप झाला. त्याच बापाने 2019 च्या जूनमध्ये गळफास घेतला होता.

जुलैमध्ये ओंकारचा ईमेल आला. “ताई, शेवटच्या भागात काय झालं ते नीट लिहून पाठव. घरी येईपर्यंत कोण कुणाचा कोण ते विसरून जाईन. पण एकदम शेवटचा धक्का सांगू नकोस, तो मी स्वतः बघणार.” खाली पाच प्रश्न होते. त्यांतला उलरिख म्हणजे मिकेलला शोधणारा त्याचा बाप, आणि हेल्गे म्हणजे तिन्ही काळांत तीन वयांत दिसणारा माणूस.

1. म्हातारा हेल्गे गुहेत शिरला आणि उलरिख त्याच्या मागोमाग गेला, मग दोघं वेगवेगळ्या काळात कसे निघाले?
2. उलरिख परत येतो का?
3. मार्था जोनासची नेमकी कोण लागते?
4. तो कोटवाला अनोळखी माणूस म्हणजे जोनासच ना?
5. उलरिखने दगडाने मारलेला छोटा हेल्गे मेला नसणारच, नाहीतर म्हातारा कुठून आला असता? मग त्याचं पुढे झालं काय?

अडचण

वाचताना मला काम सोपं वाटलं. सगळं सांगायचं आणि शेवटचं दृश्य गाळायचं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, ‘शेवटचा धक्का’ नेमका कोणता हेच ठरलेलं नाही.

दहाव्या भागात एकामागोमाग एक तीन गोष्टी उघड होतात. जोनास मिकेलला आणायला 1986 मध्ये जातो आणि पाद्री नोआ व मधल्या वयाचा हेल्गे यांच्या हाती लागतो. ते त्याला जंगलातल्या बंकरमधल्या खोलीत कोंडतात. कोटवाला माणूस दाराशी येतो आणि सांगतो की मी म्हणजेच तू, मोठा झालेला जोनास. हा पहिला धक्का. तो दार उघडत नाही, कारण आज तू सुटलास तर मी आज जो आहे तो होणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग तो गुहेत जाऊन घड्याळजी टानहाउसने दुरुस्त केलेलं यंत्र सुरू करतो. त्याला वाटतं, याने काळातला मार्ग कायमचा बंद होईल. प्रत्यक्षात त्याच यंत्राने तो मार्ग तयार होतो. हा दुसरा. त्या क्षणी बंकरमध्ये 1986 आणि 1953 यांच्यामधली भिंत जणू विरघळते. इकडे जोनास, तिकडे 1953 मध्ये त्याच बंकरमध्ये पडलेला जखमी छोटा हेल्गे. दोघं हात पुढे करतात, बोटं टेकतात. छोटा हेल्गे 1986 मध्ये येऊन पडतो, आणि जोनास एका उद्ध्वस्त जगात. बंदूकधारी माणसांतली एक मुलगी त्याला भविष्यात स्वागत असल्याचं सांगते आणि बंदुकीचा दस्ता हाणते. हा तिसरा आणि खरा शेवट.

तिसरा लपवायचा हे उघड होतं. पण पहिला लपवला तर दार का उघडलं नाही ते समजत नाही, आणि दुसरा सांगितला तर तिसऱ्याचं दार अर्धं उघडतं.

दुसरी अडचण मराठीची, आणि माझ्या मते हीच मोठी होती. आपली भाषा गुपित ठेवायला फारशी सोयीची नाही. क्रियापद लिंग सांगतं, सर्वनाम वय आणि मान सांगतं, आणि नात्याचा शब्द तर आईकडचा की बापाकडचा तेही सांगतो. ओंकारने सबटायटल्समध्ये ‘आंट’ वाचलं होतं. त्या शब्दाने त्याला मार्था बापाची बहीण की आईची की काकाची बायको, काहीच कळलं नव्हतं. मराठीत मला एकच शब्द लिहायचा होता: आत्या. मार्था ही मिकेलची बहीण, मिकेल जोनासचा बाप. त्याचा तिसरा प्रश्न एका शब्दात मिटला. (माझी आई ओंकारची आत्या. पत्र वाचताना ती या ओळीवर थांबली आणि म्हणाली, “त्या मुलाचं प्रेम होतं तिच्यावर? शी!”)

पर्याय

पहिला विचार काळानुसार मांडणीचा होता. 1953 चा रकाना, 1986 चा, 2019 चा, आणि प्रत्येकात कोण कुठे आहे ते लिहायचं. गोंधळलेल्या माणसाला यासारखं दुसरं काही नाही. मी तसा कागद आखलाही. आखून झाल्यावर पाहते तर उजवीकडे एक रकाना जास्तीचा होता आणि तो रिकामा होता. हाताने आपसूक आखला होता, कारण मला माहीत होतं की 2019 च्या पुढेही काहीतरी आहे. तो रकाना पुसला, पण मग उरलेली मांडणीच संशयास्पद वाटायला लागली. जोनास शेवटी कुठल्या रकान्यात टाकायचा? 1986 मध्ये ठेवला तर खोटं, कुठेच नाही ठेवला तर त्याचं नाव शोधणारा माणूस विचारणारच.

दुसरा पर्याय घराण्यांप्रमाणे लिहिण्याचा. त्यात हेल्गेचं बरं जमलं असतं, पण बंकरमधला प्रसंग दोन घराण्यांत चिरला गेला असता आणि दोन्ही तुकड्यांना एकाच जागी कात्री लागलेली दिसली असती.

तिसरा, दहावा भाग जसा घडतो त्याच क्रमाने सांगायचा आणि एका जागी थांबायचं. यात धोका असा की थांबण्याची जागाच बोट दाखवते.

चौथा पर्याय धूळफेकीचा. यंत्र चाललं, मार्ग बंद झाला, सगळं शांत झालं, असं लिहून टाकायचं म्हणजे शेवट बघताना त्याला दुप्पट धक्का बसेल. नवऱ्याने हाच सुचवला. मला पटला नाही. ओंकारने पत्र मागितलं होतं ते गुंता सुटावा म्हणून. त्यात एक जरी गोष्ट खोटी निघाली असती तर बाकीच्या चार उत्तरांवरचाही विश्वास गेला असता.

शेवटी त्याच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहायचं ठरवलं. ज्या गोष्टी त्याने विचारल्या नाहीत त्या आपोआप बाहेर राहिल्या, आणि गाळल्याचं दिसलंही नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पहिला मसुदा आणि आईची परीक्षा

हेल्गेचं उत्तर लिहिताना मराठीने हात दिला. एकाच प्रसंगात दोन हेल्गे येतात: म्हातारा 1986 मध्ये जाऊन मधल्या वयाच्या स्वतःलाच थांबवायला बघतो आणि त्याच्या गाडीवर गाडी घालतो. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये दर वाक्यात ‘म्हातारा’ आणि ‘मधला’ लिहीत बसावं लागतं. मी ठरवलं की म्हाताऱ्याला ‘ते’ म्हणायचं, मधल्याला ‘तो’. मग हे वाक्य विनासायास उतरलं: “ते त्याला अडवायला जातात, गाड्या धडकतात, ते जागीच जातात, तो वाचतो. तो मेला असता तर ते आलेच नसते, हे त्यांना कळायला हवं होतं.” आणि दोघं वेगळ्या काळात का निघाले याचं उत्तरही सोपं होतं. गुहेत वाट दुभंगते, एक फाटा 1986 कडे आणि दुसरा 1953 कडे जातो, आणि उलरिखने चुकीचा फाटा धरला. तो 1953 मध्ये पोलिसांच्या हातात सापडला आहे, या सीझनमध्ये तरी परत येत नाही.

चौथ्या प्रश्नाशी मी बराच वेळ अडखळले. कोटवाला जोनासच का, हे सांगायचं की नाही? त्याने ‘ना?’ लावून विचारलं होतं, म्हणजे त्याला वाटतच होतं. माझा युक्तिवाद असा की ज्याने ओळखलंच आहे त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, आणि हे न सांगता बंकरचा प्रसंग लिहिताच येत नाही. मी ‘हो’ लिहिलं. याबद्दल पुढे.

मग यंत्राचा परिच्छेद. पहिल्या मसुद्यात तो असा होता:

“मोठा जोनास यंत्र घेऊन गुहेत जातो. बिचाऱ्याला वाटतं की याने मार्ग बंद होईल म्हणे. आतापर्यंत तरी तीनच काळ आपण पाहिलेत. मग जे होतं ते मी सांगणार नाही, आणि शेवटचं वाक्य जी म्हणते तिच्याबद्दलही नाही.”

मी हे पत्र आईला वाचायला दिलं. तिने मालिकेतलं एक दृश्यही पाहिलेलं नव्हतं, आणि मला नेमकं तसंच माणूस हवं होतं. मी फक्त इतकंच विचारलं की तुझ्या मते शेवटी काय होत असेल. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, “यंत्र फसतं, आणि तो मुलगा पुढच्या काळात जातो. तिथे त्याला कुणीतरी बाई भेटते.”

कशावरून, म्हटलं. तिने बोट ठेवून दाखवलं. ‘बिचाऱ्याला’ म्हटलंस म्हणजे त्याचं काम होत नाही. ‘म्हणे’ लावलंस म्हणजे तुझाच त्यावर विश्वास नाही. ‘आतापर्यंत तरी तीनच’ म्हणजे चौथा आहे, आणि मागचे पाहून झालेत तर उरला पुढचाच. ‘जी म्हणते’ म्हणजे बाई.

चार शब्दांत तिने जो शेवट काढला तो बरोबर होता. एकही घटना मी सांगितली नव्हती. सगळं फुटलं ते माझ्या सुरातून. घटना लपवायची म्हणून मी घटनेवर पहारा बसवला होता, आणि ‘म्हणे’सारख्या दोन अक्षरांच्या शब्दाकडे लक्षच नव्हतं. आपण बोलताना ‘म्हणे’ इतकं सहज वापरतो की त्यात ऐकीव आणि संशयास्पद असे दोन्ही अर्थ असतात हे लिहिताना जाणवत नाही.

दुरुस्त केलेलं पत्र

दुसऱ्या मसुद्यात मी एक नियम पाळला: पात्राला जे वाटतं ते पात्राच्याच नावावर लिहायचं आणि त्यावर माझा शेरा मारायचा नाही. परिच्छेद असा झाला:

“मोठा जोनास मार्ग बंद करायला यंत्र घेऊन गुहेत जातो. लहान जोनास बंकरमध्ये कोंडलेलाच आहे. बार्टोश नोआच्या गाडीत बसलाय, म्हणजे तो आता त्याच्या बाजूला गेला. यंत्र सुरू होतं. इथे मी थांबते.”

‘मार्ग बंद करायला’ हे त्याचं उद्दिष्ट आहे. ते साधलं का, याबद्दल या वाक्यात होकार नाही आणि नकारही नाही. बार्टोश हा जोनासचा मित्र; त्याचं वाक्य मुद्दाम यंत्राच्या आधी घातलं, कारण आधीच्या क्रमात बंकर आणि यंत्र लागोपाठ येत होते आणि वाचणाऱ्याला त्यांचा संबंध लगेच लागला असता. नोआ गाडीत बार्टोशला यंत्राबद्दल जे सांगतो ते अख्खं गाळलं; दुसरा धक्का तिथेच फुटतो. तीन काळांचा उल्लेख पत्रातून काढून टाकला. 33 वर्षांचा नियम त्याला माहीत होता. तो पुन्हा लिहिला असता तर 2019 मध्ये 33 मिळवायला त्याला कागदही लागला नसता.

पाचव्या प्रश्नाला मी उत्तरच दिलं नाही. छोट्या हेल्गेचं पुढे जे होतं तो शेवटच्या दृश्याचाच अर्धा भाग आहे. सांगितलं तर सगळं सुटतं असं वाटून मी तो प्रश्न गाळून पत्र पाठवून दिलं. आईला दुसरा मसुदा दाखवला तेव्हा तिने यावेळी ‘त्या बापाला मुलगा परत मिळतो’ असं भलतंच काहीतरी सांगितलं, तेव्हा मी खूश होते. तिला ओंकारचे प्रश्न मात्र दाखवले नव्हते.

निष्पत्ती

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. हेल्गे, उलरिख, मार्था, सगळं डोक्यात बसलं म्हणाला. ‘ते’ आणि ‘तो’ची युक्ती त्याला इतकी आवडली की पुढच्या ईमेलमध्ये तोही मालिकेतल्या म्हाताऱ्या क्लॉडियाला ‘त्या’ आणि मधल्या वयाच्या क्लॉडियाला ‘ती’ लिहू लागला. पण चौथ्या उत्तरावर तो नाराज होता. “ताई, मला वाटत होतं ते खरं. पण ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तू ‘हो’ लिहिलंस तेव्हा मी इंजिन रूममध्ये उभा होतो.”

ऑक्टोबरात तो कोचीला उतरला. विलगीकरणाच्या खोलीत पहिल्याच रात्री त्याने दहावा भाग लावला. मग फोन. शेवटच्या दृश्याने तो हादरला होता, ती मुलगी आणि तो दस्ता त्याच्या स्वप्नातही नव्हता. पण बंकरमध्ये काहीतरी होणार हे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि त्यात छोटा हेल्गे असणार हेही. कसं? “मी पाच प्रश्न विचारले, तू चारांचीच उत्तरं दिलीस. तू कधी काही विसरत नाहीस.”

काय वेगळं करता आलं असतं

चौथ्या प्रश्नाबाबत माझी चूक अशी की मी अंदाज आणि खात्री यांना एकच धरलं. रहस्यमालिका पाहणारा माणूस अंदाज बांधतो तो बरोबर ठरण्याचा क्षण अनुभवायला; तो क्षण मी ईमेलमध्ये उरकून टाकला. एक ओळीचा ईमेल पाठवून ‘हे सांगू का?’ असं विचारता आलं असतं. त्याने एक आठवडा गेला असता, आणि तो तर तीन महिने अडकलेलाच होता. दाराचा प्रसंग ओळख न सांगताही लिहिता आला असता: “कोटवाला दाराशी येतो, पण उघडत नाही. त्याचं कारण तो देतो, आणि ते तू त्याच्याकडूनच ऐक.” हे थोडं चोरटं आहे, पण खोटं नाही, आणि त्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच हातात राहिला असता.

पाचव्याचं उत्तर आज लिहायचं झालं तर असं लिहीन: “छोटा हेल्गे जिवंत आहे. उलरिखने टाकला तिथेच, त्या बंकरमध्ये, शुद्धीवर येतो.” दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्ही दहाव्या भागातलीच आहेत, आणि प्रश्न मिटल्यावर ओंकारने त्याकडे परत वळून पाहिलं नसतं. आणि तपासायला पत्र देताना आईच्या हातात त्याचा ईमेलही दिला असता. तिने सगळ्यात आधी प्रश्न आणि उत्तरं मोजली असती, किराण्याच्या यादीवर खुणा करतात तशी.